पहिला पावसाळा जाऊ द्या, मग शेवटचा हप्ता

उंबरमाळी हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे छोटे स्टेशन. एका बाजूला खर्डी, दुसऱ्या बाजूला कसारा, आणि समोर घाटाचे डोंगर. जूनमध्ये ढग त्या डोंगरांना अडले की सप्टेंबर संपेपर्यंत भिंतीवरचे कपडे वाळत नाहीत. अशा गावात माझ्या आपाने आणि दुल्हाभाईंनी आयुष्यातले पहिले घर बांधले. मी बरीच वर्षे बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून काम केले आहे, म्हणून ठेकेदाराबरोबरचा करार सही करण्याआधी त्यांनी मला वाचायला दिला.

करार दोन पानांचा होता. 800 चौरस फूट, मालमजुरीसह 1,500 रुपये दर, एकूण 12 लाख. हप्ते नीट लिहिले होते. शेवटी एक ओळ होती : काम पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत काही दोष आढळल्यास ठेकेदार स्वखर्चाने दुरुस्त करून देईल.

दुल्हाभाई म्हणाले, "बघ, सहा महिन्यांची गॅरंटी आहे. अजून काय पाहिजे?"

मी विचारले, "काम कधी संपणार?"

"नोव्हेंबरमध्ये."

"मग सहा महिने कधी संपतील?"

त्यांनी बोटांवर मोजले आणि गप्प झाले. नोव्हेंबरच्या 20 तारखेला ताबा, म्हणजे पुढच्या मेच्या 20 तारखेला मुदत संपणार. उंबरमाळीत पाऊस येतो जूनमध्ये. घराची खरी परीक्षा सुरू होण्याच्या आधीच ठेकेदार जबाबदारीतून मोकळा होणार होता. यात त्याची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. सहा महिने हा शब्द सगळेच लिहितात, म्हणून त्यानेही लिहिला. शिवाय त्या ओळीमागे पैसा नव्हता. शेवटचा हप्ता ताब्याच्या दिवशीच पूर्ण द्यायचा होता. त्यानंतर ठेकेदार फोन उचलेल की नाही, हे त्याच्या मर्जीवर.

दोन गोष्टी, एकमेकींना बांधलेल्या

यावर उपाय म्हणून करारात दोन कलमे असतात. पहिले दोषदायित्व मुदतीचे, म्हणजे साइटवर ज्याला ‘डिफेक्ट लायबिलिटी पिरियड’ म्हणतात त्याचे. ताबा दिल्यानंतर ठरलेल्या काळात ठेकेदाराच्या कामातला किंवा मालातला दोष निघाला, तर तो त्याने पदरचा खर्च करून दुरुस्त करायचा. दुसरे ‘रिटेन्शन’चे, म्हणजे राखीव रकमेचे. ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून ठरलेला हिस्सा मालकाने बाजूला ठेवायचा आणि ही मुदत संपल्यावर त्याला परत द्यायचा. मुदत नुसती लिहिली आणि रक्कम राखली नाही, तर ती कागदावर राहते. रक्कम राखली पण मुदत लिहिली नाही, तर त्याला पैसे अडवणे म्हणतात, आणि त्यावरून भांडण होते.

सरकारी कामांत हे नेहमीचे आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्याकडेला जी पाटी असते, तिच्यावर पाच वर्षांच्या देखभालीचा उल्लेख तुम्ही वाचला असेल. रस्ता बांधून ठेकेदार निघून जात नाही, तो पुढची पाच वर्षे बांधलेला राहतो. बिलातून रक्कम राखण्याची रीत तर रेल्वेच्या काळातली. 1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये रेल्वेमार्गांची धांदल उडाली, तेव्हा नवख्या ठेकेदारांच्या कामाचा भरवसा वाटेना, म्हणून कंपन्या त्यांच्या बिलातला हिस्सा रोखून ठेवू लागल्या, असे सांगतात. आपल्याकडे 1863 साली भोर घाटाचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि 1867 च्या पावसाळ्यात त्याच मार्गावरचा एक मोठा दगडी पूल कोसळला. उद्घाटनाच्या दिवशी तो पूल मजबूतच दिसत असणार. काम कसे झाले आहे हे ताब्याच्या दिवशी कळत नाही, पाणी लागल्यावर कळते.

मुदत महिन्यांत नव्हे, पावसाळ्यात मोजा

म्हणून आम्ही करारातले ‘सहा महिने’ खोडले आणि लिहिले : ताब्याच्या तारखेपासून एक पूर्ण पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 2023 पर्यंत.

ठेकेदाराने विचारले, "गच्चीवर पाणी भरून दाखवतो ना? मग पावसाची वाट कशाला बघायची?" प्रश्न रास्त होता. गच्चीच्या उतारावर आडवे बांध घालून दोन-तीन इंच पाणी दोन-तीन दिवस भरून ठेवतात आणि खालून छत बघतात. ही चाचणी ताबा घेण्याआधी नक्की करून घ्यावी. पण तिने फक्त सपाट स्लॅबची गळती कळते. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर तो भिंतीवर आडवा आपटतो. गच्चीचा कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो सांधा, खिडकीच्या चौकटीची कड, छज्जाची वरची बाजू, काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांमधली रेघ, या जागा भरलेल्या पाण्याने तपासल्या जात नाहीत. घर काळ्या मातीवर असेल तर आणखी एक गोष्ट असते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे पाया उथळ असेल तर त्याची भेग पहिल्या पावसाळ्यात किंवा त्यानंतरच्या उन्हाळ्यात दिसते. अशा जमिनीवर मुदत पुढच्या मेअखेरपर्यंत मागणे योग्य.

मुदत कधी सुरू होते हेही लिहावे लागते. ती शेवटच्या बिलापासून नाही, ताब्यापासून सुरू होते. घाईने, रंगकाम अर्धवट असतानाच सामान हलवले, तर ठेकेदार म्हणतो ताबा तेव्हाच दिला, आणि आपण म्हणतो काम तर आता संपले. म्हणून एका पानाची ताबापावती करावी. त्यावर तारीख, राहिलेल्या किरकोळ कामांची यादी आणि दोघांच्या सह्या. आमच्या पावतीवर तारीख होती 20 नोव्हेंबर 2022.

किती राखायचे, आणि कधी द्यायचे

साधारणतः पाच ते दहा टक्के राखतात. आम्ही पाच टक्के धरले. 12 लाखांचे पाच टक्के म्हणजे 60,000 रुपये. ही रक्कम शेवटी एकदम कापायची नसते, प्रत्येक बिलातून कापायची असते. स्लॅबचे बिल 3 लाखांचे आले, त्यातून 15,000 राखले आणि 2,85,000 दिले. प्रत्येक वेळी बिलाच्या मागे लिहिले : राखीव आजपर्यंत इतके. ताब्याच्या दिवशी राखीव रकमेचा अर्धा भाग, म्हणजे 30,000, ठेकेदाराला दिला. उरलेले 30,000 मुदतीअखेर द्यायचे ठरले. ताब्याला अर्धी रक्कम सोडण्याची ही रीत सर्वत्र चालते, कारण काम पूर्ण करून देण्याची जबाबदारी त्याने पार पाडलेली असते. दुरुस्तीची तेवढी शिल्लक असते.

जास्त राखले तर अधिक सुरक्षित, असे वाटते. तसे नसते. छोट्या ठेकेदाराचा नफाच मोठा नसतो. पंधरा-वीस टक्के अडवले तर तो एक तर दर वाढवतो, नाही तर सिमेंटमध्ये काटकसर करतो. रक्कम एवढी असावी की परत येऊन दुरुस्ती करणे त्याला परवडावे, आणि तो आलाच नाही तर दुसऱ्या मिस्त्रीकडून ते काम आपल्याला करून घेता यावे.

गावाकडे बरीच घरे फक्त मजुरीदराने बांधतात. सिमेंट, वीट, लोखंड मालक आणतो. तिथे पाच टक्के मजुरीच्या रकमेवर धरावेत, आणि जबाबदारीही कारागिरीपुरतीच मागावी. तुम्ही आणलेली वीट ठिसूळ निघाली तर तो मिस्त्रीचा दोष नाही. आणि रोजंदारीच्या मजुराच्या पगारातून तर एक पैसाही राखायचा नाही. राखीव रक्कम ठेकेदाराच्या बिलातली, मजुराच्या रोजातली नव्हे.

अम्मीचा आक्षेप

हे सगळे चालले असताना अम्मी एका कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मजुराची मजुरी घाम सुकायच्या आत द्यावी, असे आपल्याला शिकवले आहे. आणि तुम्ही त्या माणसाचे पैसे वर्षभर दाबून ठेवणार?"

आमच्या घरात हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, आणि तो टाळूही नये. मी अम्मींना तीन गोष्टी सांगितल्या. हे पैसे ठेकेदाराचे आहेत, आपले नाहीत. आपल्याकडे ते अमानत म्हणून राहतील. दुसरे, काम सुरू होण्याआधी त्याला हे सांगितले आहे, त्याने मान्य केले आहे आणि त्याचा दर त्याच हिशेबाने दिला आहे. काम झाल्यावर अचानक कापले असते तर ती अडवणूक झाली असती. तिसरे, परत देण्याची तारीख लिहिलेली आहे. त्या तारखेला दोषांची यादी नसेल, तर त्याने मागायच्या आधी आपण द्यायचे. देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह, साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, हे अम्मींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. त्या एवढेच म्हणाल्या, "मग ते पैसे वेगळे ठेवा. घरखर्चात मिसळू नका."

अम्मींचे हे वाक्य मी आता प्रत्येकाला सांगतो. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. मालक रक्कम राखतो, पण ती पलंग-कपाटात नाहीतर एखाद्या लग्नात खर्च होते. मुदत संपते तेव्हा हातात पैसे नसतात, मग नसलेले दोष शोधले जातात. आपाने ते 30,000 बचत खात्यात वेगळे ठेवले आणि पासबुकाच्या मागे ठेकेदाराचे नाव लिहिले.

जुलैमध्ये काय झाले

2023 चा पाऊस लागला आणि जुलैत तीन जागी ओल दिसली. झोपण्याच्या खोलीच्या छताचा एक कोपरा, न्हाणीघराच्या बाहेरची भिंत आणि बैठकीतला एक डाग. आपाने घाबरून फोन केला. मी तिला एकच काम सांगितले : प्रत्येक डागाची कड पेन्सिलने आखायची आणि शेजारी तारीख लिहायची. आठ दिवस रोज बघायचे, पाऊस होता की नव्हता तेही लिहायचे.

आठ दिवसांत तिन्ही ओली वेगळ्या निघाल्या. छताचा कोपरा जोराच्या पावसानंतर दोन-तीन तासांनी वाढे आणि उघडीप मिळाली की थांबे. म्हणजे पाणी वरून, कठड्याच्या सांध्यातून येत होते. गच्चीवर चढून पाहिले तर कडेने जो गोल वाटा काढतात, तो त्या कोपऱ्यात पोकळ होता. ठोकल्यावर पोकळ आवाज आला. न्हाणीघराची भिंत मात्र पाऊस असो-नसो सारखीच ओली होती. टाकीचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवला तेव्हा सकाळी डाग थोडा आत सरकला. म्हणजे भिंतीतल्या पाइपचा जोड गळत होता. बैठकीतला डाग एका छिद्राखाली होता. ते छिद्र टीव्हीच्या डिशची वायर आत घेताना डिशवाल्याने पाडले होते आणि बुजवले नव्हते.

पहिले दोन दोष ठेकेदाराच्या कामातले. तिसरा आमचा. दुल्हाभाईंना तोही यादीत घालायचा होता, पण मी घालू दिला नाही. यादीत एक चुकीचा दोष टाकला की ठेकेदार उरलेल्या दोघांवरही वाद घालतो. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक रेघाही आम्ही सोडून दिल्या. त्या सिमेंट आकसल्याने पडतात आणि पुढच्या रंगात बुजतात. मात्र भेग तिरकी असेल, तिच्यात नाण्याची कड जात असेल आणि पेन्सिलच्या खुणेपुढे ती वाढत असेल, तर इंजिनिअरला बोलवावे. पाया खचत असल्याचे ते लक्षण असू शकते, आणि ते काम राखीव रकमेत निभावण्यासारखे नसते.

ठेकेदाराला आम्ही तोंडी सांगितले नाही. फोटो आणि तारखांसह लेखी पत्र दिले, तेच व्हॉट्सअॅपवरही पाठवले, आणि करारात लिहिल्याप्रमाणे पंधरा दिवसांची मुदत दिली. तो आला. त्याने खरे ते सांगितले की भर पावसात वाट्याचे काम टिकणार नाही. ओल्या काँक्रीटवर केलेला लेप सुटतो. त्याने त्या कोपऱ्यावर प्लॅस्टिक दाबून दिले आणि ऑक्टोबरच्या उघडिपीत वाटा फोडून नव्याने काढून दिला. म्हणूनच मुदत सप्टेंबरअखेर न ठेवता ऑक्टोबरअखेर ठेवायची. पाऊस थांबल्यावर दुरुस्तीला कोरडे दिवस मिळायला हवेत. आणि नवा वाटा टिकला की नाही हे पुढच्या पावसातच कळणार, म्हणून करारात आधीच लिहिले होते की दुरुस्त केलेल्या भागापुरती जबाबदारी आणखी एक पावसाळा चालेल. त्यासाठी पैसे मात्र राखले नाहीत.

पाइपच्या जोडाचे काम तो आज-उद्या करत राहिला. त्याची माणसे दुसऱ्या साइटवर होती. पंधरा दिवस संपले. दुसरे पत्र दिले, त्यात लिहिले की सात दिवसांत काम झाले नाही तर आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ आणि खर्च राखीव रकमेतून वळता करू. तेही दिवस गेले. मग प्लंबर बोलावला, भिंत फोडली, जोड बदलला, पुन्हा लादी बसवली. सगळे मिळून 6,500 रुपये झाले. फोडलेल्या जोडाचा फोटो काढून ठेवला.

31 ऑक्टोबरला दुल्हाभाईंनी ठेकेदाराला चहाला बोलावले. समोर प्लंबरचे बिल, फोटो आणि 23,500 रुपये ठेवले. हिशेब एका ओळीचा होता : 30,000 वजा 6,500. ठेकेदाराने बिल दोनदा वाचले, पैसे मोजले आणि पावतीवर सही केली. जाताना म्हणाला, "ताई, उरलेले पैसे न मागता देणारे मालक मला फारसे भेटले नाहीत." आज त्याच वाडीत तो दुसरे घर बांधतो आहे, आणि त्या करारात हेच कलम आहे.

करारात काय लिहावे

वाचकांसाठी ते कलम सोप्या शब्दांत देतो. रक्कम आणि तारखा आपापल्या घराप्रमाणे बदलाव्यात :

"ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून 5 टक्के रक्कम राखीव म्हणून मालकाकडे राहील. ताबापावतीच्या दिवशी तिच्यातील निम्मी रक्कम ठेकेदारास दिली जाईल. उरलेली रक्कम एक पूर्ण पावसाळा संपल्यानंतर, दि. ........ रोजी दिली जाईल. या काळात कामातील किंवा ठेकेदाराने आणलेल्या मालातील दोष मालकाने लेखी कळवल्यास ठेकेदार 15 दिवसांत, किंवा पावसामुळे शक्य नसल्यास पावसाळा संपताच, स्वखर्चाने दुरुस्ती करील. तसे न केल्यास मालक 7 दिवसांची दुसरी सूचना देऊन ते काम अन्य व्यक्तीकडून करून घेईल व बिलाप्रमाणे झालेला खर्च राखीव रकमेतून वळता करील. दुरुस्त केलेल्या भागाची जबाबदारी पुढील पावसाळा संपेपर्यंत राहील. ठरलेल्या तारखेपर्यंत लेखी दोष कळवलेला नसल्यास संपूर्ण उरलेली रक्कम त्याच दिवशी देय होईल."

खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार.

एका गैरसमजाबद्दल सांगतो. ‘रेरा’मध्ये पाच वर्षांची हमी आहे, मग हे कशाला, असे लोक विचारतात. बिल्डरकडून फ्लॅट घेतला तर त्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. शहापूर-आसनगावकडे फ्लॅट घेणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पण स्वतःच्या जमिनीवर ठेकेदार लावून घर बांधणाऱ्याला तो कायदा लागू होत नाही. त्याच्या हातात असतो तो त्याचा करार. राखीव रकमेपेक्षा नुकसान मोठे असेल, समजा लोखंड कमी घातल्याचे उघड झाले, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा मानली आहे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की करार कुठे आहे, आणि दोष लेखी कधी कळवला होता.

आपाच्या त्या कोपऱ्यातली पेन्सिलची खूण अजून तशीच आहे. 2024 चा पावसाळा संपला तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिले. ओल खुणेपर्यंतही आली नव्हती. आपा म्हणाली, आता रंग लावून ती पुसून टाकू. मी म्हटले, राहू दे आणखी एक वर्ष.